एका अदृश्य एंटरने माझे नऊ दिवस खाल्ले

दादाची देवगडला हापूसची बाग आहे. गेल्या हंगामातल्या ऑनलाइन गिऱ्हाइकांना "बुकिंग सुरू झालं" ही जाहिरात दिसावी, एवढंच आमचं काम होतं. यादीत २,६०० ओळी. दादाची अट एकच: "कुणाचाही ईमेल जसाच्या तसा बाहेर जाता कामा नये."

ते जमतं, कारण जाहिरातवाल्यांना पत्ता नाही, त्याचा हॅश दिला तरी चालतो. SHA-256 हे सूत्र ईमेलचं ६४ अक्षरांच्या ठशात रूपांतर करतं. ठशावरून मागे जाऊन पत्ता काढायला सूत्र नाही, पण एकाच पत्त्याचा ठसा दरवेळी तोच येतो. त्यांच्याकडे खातेदारांचे ईमेल असतातच, त्यांचेही ते असेच ठसे काढतात आणि दोन्हीकडचे ठसे जुळवून बघतात. जुळला तो खातेदार आपल्या ऑडियन्समध्ये, म्हणजे आपली जाहिरात दिसणाऱ्यांत. नक्की कोण जुळलं हे आपल्याला सांगत नाहीत, फक्त अंदाजे आकडा दाखवतात.

साधी यादी अपलोड केली असती तरी त्यांच्या पानाने ती माझ्याच ब्राउझरमध्ये हॅश करून पाठवली असती. पण मला हुशारी सुचली. म्हटलं, आपणच हॅश करून देऊ, दादाही खूश.

आकडा आला "१००० पेक्षा कमी". जाहिरात चालेना. मदत केंद्राला लिहिलं, दोन दिवसांनी उत्तर आलं: यादीची गुणवत्ता तपासा. पुन्हा लिहिलं, तेच उत्तर, फक्त खाली नाव वेगळं. तिकडे पाडवा जवळ येत होता आणि दादा रोज रात्री विचारायचा, "झालं का गं?"

यादी मी दहादा तपासली. सगळी अक्षरं स्मॉल केली, मागेपुढे चिकटलेल्या मोकळ्या जागा काढल्या. (हे कराच. Ravi आणि ravi हे आपल्याला सारखे, हॅशला नाहीत.) आकडा ढिम्म. नवव्या दिवशी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला फाइल दाखवली. हॅशकडे माणूस काय बघणार, असं मला वाटलं होतं. त्याने रकाना क्रमाने लावला आणि एका ठशावर बोट ठेवलं. फोनवरून ऑर्डर देणाऱ्यांचा ईमेलचा रकाना कोरा होता, त्यामुळे तो एकच ठसा दोनशेच्या वर वेळा आला होता. त्याची सुरुवात 01ba4719.

"कोऱ्या मजकुराचा ठसा e3b0c442 ने सुरू होतो," तो म्हणाला. "हा कोऱ्याचा नाही, नुसत्या एंटरचा आहे. तू echo वापरलंस ना?"

वापरलं होतं. echo ही दिलेला मजकूर पुढे पाठवणारी कमांड, पण ती शेवटी गुपचूप एक नवी ओळ जोडते. म्हणजे माझा प्रत्येक ठसा "पत्ता अधिक एंटर" याचा होता. पडताळून बघा:

```
echo "test@example.com" | sha256sum
printf '%s' "test@example.com" | sha256sum
```

दुसऱ्या ओळीचं उत्तर 973dfe46 ने सुरू होतं, तेच बरोबर. पहिलीचं भलतंच येतं. आणि समोरच्याला हे दिसूच शकत नाही. साधा ईमेल दिला असता तर त्यांनी जागा, कॅपिटल अक्षरं वगैरे स्वतः साफ केली असती. ठसा झाल्यावर आत काय गेलंय ते त्यांनाही कळत नाही. चूकही तितकीच नीट ६४ अक्षरांची दिसते. मदत केंद्रावरचा माझा राग निम्मा उतरला. निम्मा अजून आहे, कारण "नमुन्याचा ईमेल हॅश करून बघा" एवढं त्यांना सुचवता आलं असतं.

printf ने पुन्हा काढून, कोऱ्या ओळी वगळून यादी चढवली. आकडा १,१०० ते १,३०० च्या घरात आला. सगळे कधीच जुळत नाहीत. आंबे मागवतानाचा ईमेल एक आणि खात्याचा दुसरा, असं खूप जणांचं असतं. आपल्याकडे मोबाइल नंबर जास्त कामी येतो, पण तोही देशाच्या क्रमांकासकट हवा. कुणी 91 मागतं, कुणी +91, आणि त्या एका चिन्हाने ठसा बदलतो. ठशात स्वतःचं गुप्त मीठही, म्हणजे हॅश करण्याआधी पत्त्याला जोडलेला आपला गुप्त मजकूर, मिसळू नका. मला तो मोह झाला होता. समोरच्याकडे ते मीठ नसतं, मग काहीच जुळत नाही.

मीठ नसण्याची दुसरी बाजू दादाने बरोबर पकडली. "म्हणजे ज्याच्याकडे तो ईमेल आधीच आहे, त्याला ठशावरून माणूस ओळखता येतोच की. मग तो आपला आंबा खातो, हे त्यांना कळलं ना?"

कळलं. जे त्यांचे खातेदार नाहीत त्यांचेच पत्ते झाकलेले राहिले. तेही कुणी अंदाजाने लाखो पत्ते हॅश करून ताडून पाहिले नाहीत तोवर.

दादाने मग ऑर्डर फॉर्म उघडायला लावला. "ऑफर कळवा" वर टिक न करणाऱ्यांची ६४० नावं आम्ही काढली आणि यादी पुन्हा एकदा चढवली. आकडा घसरला. दादा म्हणाला, "घसरू दे. त्यांना मी फोन करेन."