२३ पत्ते, ७ वाचक

गेल्या एप्रिलअखेर माझ्या पाककृतींच्या वेबसाइटवर, ईमेलने पत्र मिळावं म्हणून २३ जणांनी फॉर्मात आपला पत्ता भरला होता, आणि ईमेलमधल्या दुव्यावर टिचकी मारून त्यातले पक्के झाले होते फक्त ७. उरलेले १६ जण मला तेव्हा आळशी वाटले. पुढे कळलं की त्यांच्यापर्यंत माझं पत्र पोचलंच नव्हतं.

मी वेंगुर्ल्याची. घरचे पदार्थ आधी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे. दोन दिवसांत ते वर सरकून जायचे आणि परत तोच प्रश्न यायचा, "वहिनी, खापरोळ्यांचं माप पुन्हा पाठवा ना." म्हणून स्वतःची वेबसाइट काढली. डोमेन, होस्टिंग, वर्डप्रेस हे सगळं भाच्याने दोन संध्याकाळी बसून लावून दिलं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. एकच सांगते, डोमेन आपल्याच ईमेलवर घ्या. भाचा नोकरीला पुण्याला गेला की पासवर्डसाठी त्याच्या मागे लागावं लागतं.

खरा घोळ मापांचा झाला. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "माप कसला इचारतंस? हाताक कळता." मग त्यांनी मुठीने घेतलेलं खोबरं मी वाटीत ओतून मोजायचे आणि मगच लिहायचे.

पहिला फॉर्म मी पान उघडल्या उघडल्या समोर येईल असा ठेवला होता. 'नवीन पाककृतींसाठी सबस्क्राइब करा.' एकदा बांगड्याच्या तिखल्याची माझीच कृती ओल्या हाताने मोबाइलवर उघडली. तिरफळं किती घालायची ते बघायचं होतं, आणि त्यावर हा फॉर्म येऊन बसलेला. बंद करायची फुली इतकी बारीक की वाटणाचा हात स्क्रीनभर लागला. त्याच दिवशी तो काढून टाकला. गूगलही २०१७ पासून मोबाइलवर मजकूर झाकणाऱ्या अशा खिडक्यांना शोधात खाली ढकलतं, हे नंतर समजलं.

मग विचार केला, मी तरी कुणाला पत्ता कशासाठी देईन? नवीन पाककृतीला तोटा नाही. पण आमच्याकडचं स्वयंपाकघर तारखेवर चालतं. कोकमं पिकतात एप्रिल-मे महिन्यांत. पाऊस लागायच्या आत फोडून, सालींना रस आणि मिठाची पुटं देऊन त्या उन्हात वाळल्या पाहिजेत, नाहीतर वर्षाची आमसुलं गेली. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणजे सुकी मासळी मे महिन्यातच भरून ठेवायची. मुंबईला राहणाऱ्या आमच्या माणसांना ही तारीखच आठवत नाही. वेबसाइट त्यांना बोलवायला जात नाही, पत्र जाऊ शकतं.

फॉर्मचं वाक्य बदललं: 'पावसाआधी काय भरून ठेवायचं, ते वेळेवर कळवते. मे महिन्यात दर आठवड्याला एक पत्र, एरवी महिन्याला एक.' नावाची चौकट काढली, फक्त ईमेल ठेवला. आणि फॉर्म आणला आमसुलांच्या कृतीत, 'उन्हात घाला' या पायरीच्या खाली. आधी महिन्याला दोन-तीन पत्ते यायचे, ते पंधरा दिवसांत २३ झाले.

तर हे २३. पत्ता भरला की त्या माणसाला एक ईमेल जातं, त्यातल्या दुव्यावर टिचकी मारली की नाव पक्कं. ही पायरी मला काढायची नव्हती, कारण चुकीच्या स्पेलिंगचे पत्ते आणि यंत्रांनी भरलेला कचरा तिथेच गळतो. पण २३ पैकी ७ म्हणजे फारच झालं. शेवटी दादरच्या माझ्या नणंदेला फोन केला. ती म्हणाली, "मला काहीच आलं नाही गं." स्पॅममध्ये बघायला सांगितलं, तर तिथे पडलेलं.

तिने ते ईमेल जीमेलमध्ये संगणकावर उघडलं, तीन ठिपक्यांमधलं `Show original` दाबलं आणि फोटो पाठवला. त्यात DMARC नावाच्या तपासणीपुढे FAIL. कारण साधं होतं. पाठवणारी म्हणून मी माझा जीमेलचा पत्ता घातला होता, आणि ईमेल निघत होतं होस्टिंगच्या सर्व्हरवरून. म्हणजे पाकिटावर गूगलचा शिक्का, पण टाकलंय भलत्याच पोस्टात. जीमेलने संशय घेतला तर नवल काय?

मग डोमेनवरचा पत्ता घेतला आणि पत्रं पाठवायला एक ईमेल सेवा लावली. तिने डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, काही नोंदी घालायला सांगितल्या. DKIM म्हणजे पत्रावरची सही. SPF म्हणजे या डोमेनच्या नावाने कोण पत्र पाठवू शकतं त्याची यादी. DMARC म्हणजे या दोन्हींतलं एकही जुळलं नाही तर काय करायचं, ती सूचना. सगळं घातलं, चाचणीचं ईमेल पाठवलं, आणि आता आलं `spf=permerror`.

यात माझी एक संध्याकाळ गेली, वर लाईटही गेली होती. होस्टिंगने आधीच एक SPF नोंद घातली होती आणि मी दुसरी घातली. एका डोमेनला SPF ची नोंद एकच चालते. दोन असल्या तर एकही धरली जात नाही. दोन्ही मिळून एकच ओळ करायची असते, साधारण अशी:

```
v=spf1 include:_spf.hosting.example include:_spf.mail.example ~all
```

मधली दोन नावं तुमच्या होस्टिंगची आणि ईमेल सेवेची, त्यांच्या मदतीच्या पानावर मिळतात. DMARC ला सुरुवातीला एवढंच पुरलं:

```
v=DMARC1; p=none
```

दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्हींपुढे PASS. त्या १६ जणांना पक्कं करण्याचं ईमेल एकदाच पुन्हा पाठवलं, ९ जण आले. दोन पत्ते `gmial.com` चे निघाले, ते सोडून दिले. फॉर्म भरल्यावर येणाऱ्या ओळीतही आता लिहिलंय, 'पत्र दिसलं नाही तर स्पॅममध्ये बघा.'

किती जणांनी पत्र उघडलं, हा आकडा मी आता फारसा बघत नाही. २०२१ पासून अ‍ॅपलचं मेल अ‍ॅप पत्रातली चित्रं आधीच उतरवून घेऊ शकतं, त्यामुळे न वाचलेलं पत्रही उघडलेलं दिसतं. मी बघते ती उत्तरं. प्रत्येक पत्राच्या शेवटी एक प्रश्न असतो, 'तुमच्याकडे हे कसं करतात?'

मे महिन्यातल्या तिसऱ्या पत्रात सोलकढी होती. रात्री डोंबिवलीहून एका ताईंचं उत्तर आलं: कढी इतकी खारट झाली की ओतून द्यावी लागली, माप तर तुमचंच घेतलं होतं. मी तीनदा कृती वाचली. अर्धी वाटी आगळ, दोन वाट्या नारळाचं दूध, चवीला एक चमचा मीठ. चमचा! आगळात मीठ घातलेलंच असतं. आमच्याकडे सासूबाई आमसुलं भिजवून कढी करतात, त्यावरून मी मीठ लिहिलं होतं, आणि पुढे बाजारची बाटली मिळते म्हणून 'आमसुलं' खोडून 'आगळ' केलं. मीठ तसंच राहिलं.

कृतीत आता दोन वेगळी मापं आहेत. आमसुलं असतील तर मीठ चवीप्रमाणे. आगळ असेल तर दोन चमच्यांपासून सुरुवात, चाखत वाढवायचं, आणि मीठ लागलंच तर शेवटी. पुढच्या पत्रात सगळ्यात वर तीच दुरुस्ती घातली. ताईंनी परत केली, आणि कळवलं की या खेपेला लसूण कमी पडली.