साइट ट्रेनिंगचा रिपोर्ट आणि क्यूबचा अडलेला कागद : माझा अनुभव

सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षानंतरचं माझं साइट ट्रेनिंग फोंडा तालुक्यातल्या एका तळमजला अधिक दोन मजल्यांच्या निवासी इमारतीवर झालं. काम मनासारखं मिळालं, साइट इंजिनीअर सांभाळून घेणारे होते. पण कॉलेजला द्यायचा रिपोर्ट एका टेस्टिंग लॅबच्या एका कागदावर इतका लटकला, की आजही त्या लॅबचं पावतीपुस्तक आठवलं की डोकं तापतं. ज्यांना पुढच्या सुट्टीत ट्रेनिंगला जायचंय त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहून ठेवते.

सुरुवातीच्या आठवड्यांत मी चिऱ्याच्या बांधकामाची मापं घेतली, ऑटो लेव्हलवर रीडिंग घेतलं, स्लॅबच्या सळया ड्रॉइंगशी ताडून बघितल्या आणि बार बेंडिंगची यादी तयार केली. या कामांत फारशी अडचण आली नाही. मग पाऊस सुरू झाला आणि पहिल्या मजल्याचा स्लॅब ओतायची वेळ आली.

स्लॅब 27 घनमीटरचा, ग्रेड एम-25, काँक्रीट आरएमसी प्लांटवरून येणार. आयएस 456 प्रमाणे 16 ते 30 घनमीटरच्या कामाला 3 नमुने लागतात. एका नमुन्यात आम्ही 6 क्यूब भरायचो, 3 सात दिवसांच्या चाचणीला आणि 3 अठ्ठावीस दिवसांच्या. ओतकाम शुक्रवारी ठरलं होतं. कन्सल्टंटची सळयांची तपासणी लांबली, शनिवारी पाऊस थांबेना, म्हणून ते रविवारी सकाळी झालं. साइटवर तेव्हा कुणाच्याच मनात आलं नाही, की 7 आणि 28 दोन्ही आकडे आठवड्याच्या पटीत असल्यामुळे दोन्ही चाचण्याही रविवारीच येतात. आणि रविवारी लॅब बंद! ओतकामाचा वार ठरवताना कॅलेंडर उघडा, ही माझी पहिली सूचना. पाऊस काही आपलं ऐकत नाही, पण शनिवार-रविवार असेल तर सुट्टीच्या दिवशी चाचणी करून देणारी लॅब आधी शोधून ठेवता येते.

क्यूब भरणं दिसायला सोपं वाटतं. 150 मिलिमीटरचा लोखंडी साचा आतून तेल लावून घट्ट आवळायचा, काँक्रीट साधारण 50 मिलिमीटरच्या तीन थरांत भरायचं, आणि प्रत्येक थराला 16 मिलिमीटर जाडीच्या गोल सळईने 35 ठोके द्यायचे. ठोके कोपऱ्यांतही पोचले पाहिजेत, आणि वरच्या थराचे ठोके खालच्या थरात थोडे शिरले पाहिजेत. नाहीतर दोन थरांमध्ये पोकळी राहते. दुसऱ्या ट्रान्झिट मिक्सरचा नमुना चालू असताना जोराची सर आली. मी ताडपत्री धरायला धावले आणि उरलेला एक साचा हेल्परने घाईत भरून टाकला. मुकादम म्हणाले, "बाय, तो साचा वेगळो दिसता, लक्षात दवर." मी वहीत नोंद केली : नमुना 2, क्यूब 3, पावसात भरला. ही एक ओळ पुढे फार कामाला आली.

दुसऱ्या दिवशी साचे उघडून क्यूब पाण्याच्या टाकीत टाकले. क्यूबवर नंबर घालायला रंग वापरू नका. टाकीत राहून तो पुसट होतो आणि लॅबच्या टेबलावर कुठला क्यूब कुठल्या नमुन्याचा हेच कळेनासं होतं. वरचा पृष्ठभाग थोडा आवळला, की खिळ्याने तारीख, ग्रेड आणि नमुना क्रमांक कोरायचा. मशीनमध्ये दाब ओतकामाच्या वरच्या बाजूवर येत नाही, साच्याला टेकलेल्या सपाट बाजूंवर येतो, त्यामुळे कोरलेल्या अक्षरांनी निकाल बिघडत नाही.

सातव्या दिवशी रविवार, म्हणून सोमवारी क्यूब घेऊन लॅबला गेलो. खरी कटकट इथून सुरू झाली. काउंटरवरच्या बाईंनी पत्र बघितलं आणि ते परत केलं, कारण त्यावर कन्सल्टंटचा शिक्का नव्हता. कन्सल्टंटचं ऑफिस मडगावला, आणि क्यूब बाहेर गाडीत ओल्या पोत्यांखाली. साइट इंजिनीअरने फोनवर बरीच विनवणी केली, तेव्हा एका अटीवर चाचणी झाली : शिक्क्याचं पत्र येईपर्यंत रिपोर्ट मिळणार नाही. अट मला मान्य होती. पण पावतीवर त्यांनी क्यूबचं वय "7 दिवस" असं टाकलं. मी म्हटलं, आज आठवा दिवस आहे. "पत्रावर सात लिहिलंय, आम्ही तेच टाकणार," हे उत्तर मिळालं.

मशीनवरची चाचणी मी शेजारी उभी राहून बघितली, त्यामुळे आकडे माझ्याकडे होते. पहिला आणि तिसरा नमुना व्यवस्थित होते. दुसऱ्यातला पहिला क्यूब 380 किलोन्यूटनला फुटला, दुसरा 372 ला आणि तिसरा फक्त 290 ला. क्यूबच्या एका बाजूचं क्षेत्रफळ 22,500 चौरस मिलिमीटर, म्हणजे ताकद अनुक्रमे 16.9, 16.5 आणि 12.9 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. तिसऱ्याच्या खालच्या कोपऱ्याजवळ बोट जाईल एवढी भोकं होती. फोडण्याआधी वजन केलं तेव्हा बाकीचे दोघे 8.1 किलोच्या आसपास भरले, हा 7.7 सुद्धा भरला नाही.

रिपोर्ट हातात यायला बराच काळ गेला. पत्र मडगावहून आलं तर सही करणारे रजेवर, ते आले तर प्रिंटर बंद. काउंटरवर प्रत्येक वेळी ऐकायला मिळायचं, "फाल्यां यो," म्हणजे उद्या ये. शेवटी कागद मिळाला, त्यावर दुसऱ्या नमुन्याची सरासरी 15.4, वय 7 दिवस, आणि शेऱ्याचा रकाना कोरा.

कंत्राटदाराने सरासरी बघितली आणि घाबरला. एम-25 ला सात दिवसांत साधारण 65 टक्के, म्हणजे 16 च्या वर ताकद दिसावी, असा साइटवरचा ठोकताळा असतो. इकडे सेंटरिंगवाले टेकू काढायला उतावीळ, कारण तेच टेकू वरच्या मजल्याला लागणार होते. साइट इंजिनीअरने दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. टेकू क्यूबच्या सरासरीवर काढायचे नसतात. 4.5 मीटरपर्यंतच्या स्लॅबला किमान 7 दिवस, 6 मीटरपर्यंतच्या बीमला 14 दिवस, हे आकडे साध्या सिमेंटसाठी आहेत. आमचं सिमेंट फ्लाय ॲश मिसळलेलं, ते ताकद सावकाश धरतं, म्हणून वेळ वाढवायची. त्यांनी सगळेच टेकू 14 दिवसांच्या पुढे ठेवले.

मग त्यांनी मला सरासरी तपासायला बसवलं. आयएस 456 सांगतं, की एका नमुन्यातला कुठलाही क्यूब सरासरीपासून 15 टक्क्यांहून जास्त दूर जाता कामा नये. 15.4 चे 15 टक्के म्हणजे 2.3, त्यामुळे खालची मर्यादा 13.1 येते. आमचा तिसरा क्यूब 12.9 चा. म्हणजे हा नमुनाच अग्राह्य आणि 15.4 ही सरासरी वापरायचीच नाही. एका मिक्सरचं एकच काँक्रीट, त्यातले दोन क्यूब एकमेकांच्या जवळ आणि एक एकदम खाली, तोही हलका आणि सच्छिद्र. दोष काँक्रीटचा नसून भरण्याचा होता. माझ्या वहीतली ओळ याच्याशी जुळत होती. तरीही खात्री अठ्ठावीस दिवसांच्या तीन क्यूबवरच होणार, आणि तेही कमी आले तर स्लॅबमधून कोअर काढून तपासावं लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

कॉलेजच्या गाइडनी रिपोर्टचा मसुदा बघताच दोन तारखा वजा केल्या. ओतकाम आणि चाचणी यांत 8 दिवस, कागदावर 7. "दुरुस्त रिपोर्ट जोड, नाहीतर हे प्रकरण काढून टाक," ते म्हणाले. काढून टाकायचा प्रश्नच नव्हता, कारण पूर्ण ट्रेनिंगमधलं सगळ्यात खरं शिक्षण याच प्रकरणात होतं. पण लॅब म्हणे, दुरुस्तीला नवं पत्र, नवा शिक्का, आणि आधीची मूळ प्रत परत. मी सरळ मडगावला गेले, कन्सल्टंटच्या ऑफिसात बसून पत्र स्वतः टाइप केलं. त्यात ओतकामाची तारीख, चाचणीची तारीख, प्रत्यक्ष वय, प्रत्येक क्यूबचं वजन आणि तुटण्याचा भार लिहिला. नमुना 2 च्या शेऱ्यात 15 टक्क्यांच्या अटीचा उल्लेख करावा, अशी विनंतीही घातली. या पत्राला लॅबच्या इंजिनीअरने एकही शंका काढली नाही, रिपोर्ट त्याच दिवशी बदलून दिला. म्हणजे अडचण नियमाची नव्हतीच. पहिल्या पत्रात लॅबला हवं ते काही नव्हतं आणि काउंटरवर ते सांगायची तसदी कुणी घेतली नाही. याचा राग मला अजून आहे.

अठ्ठावीस दिवसांचे क्यूबही अर्थात सोमवारी, 29 व्या दिवशी फुटले, आणि या वेळी मी पत्रात 29 च लिहून दिलं. नमुना 2 चे तीन क्यूब 668, 655 आणि 630 किलोन्यूटनला गेले, म्हणजे 29.7, 29.1 आणि 28.0, सरासरी 28.9. एकट्या नमुन्याला 22 च्या खाली यायचं नसतं, तो प्रश्नच नव्हता. सलग चार नमुन्यांच्या सरासरीची मर्यादा आमच्या बाबतीत 28.3 येत होती. कॉलमचा आधीचा नमुना धरून ती 29 च्या वर गेली. कोअर काढायची वेळ आली नाही. हे कळलं तेव्हा मी साइटवर नव्हते, ट्रेनिंग संपलं होतं. साइट इंजिनीअरचा मेसेज आला आणि मी घरात मोठ्याने ओरडले.

आणखी एक राहिलं. चाचणीच्या वेळी मशीनच्या डायलचा आणि फुटलेल्या क्यूबचा फोटो काढून ठेवा. व्यवस्थित फुटलेल्या क्यूबच्या चारही बाजू सुटतात आणि मधे दोन शंकू टोकाला टोक लावल्यासारखा भाग उरतो. एकाच बाजूने चीर गेली असेल तर क्यूब मशीनच्या मधोमध बसला नव्हता किंवा त्याच्या बाजू सपाट नव्हत्या, असा संशय घ्यायचा. आणि मूळ प्रत लॅबला परत करण्याआधी तिची झेरॉक्स काढून ठेवा. माझ्या रिपोर्टात चुकीचा आणि दुरुस्त असे दोन्ही कागद समोरासमोर लावलेत. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी सगळे प्रश्न त्याच दोन पानांवर विचारले.