दिवा चालू होता

सात रस्त्याजवळच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. त्या मंगळवारी सकाळी हिशेब विभागातले काका लिफ्टमध्ये अडकले. त्यांच्या डाव्या पायाला कॅलिपर आहे, चार मजले चढणं त्यांना शक्य नाही. आतली घंटी बंद होती, म्हणून ते जेवणाच्या डब्यानं दार वाजवत राहिले. पस्तीस मिनिटांनी बाहेर आले तेव्हा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

मी आधी दोनदा ईमेल पाठवला होता, "लिफ्ट सारखी बंद पडते, कृपया लक्ष घाला." इमारतीच्या व्यवस्थापकांचं उत्तर दोन्ही वेळा एकच होतं, सोलापुरात वीज कमी-जास्त होते, आम्ही काय करणार?

काकांना पाणी दिलं आणि सहज विचारलं, "आत अंधार होता का हो?" ते म्हणाले, "नाही गं, दिवा चालू, पंखाही चालू."

म्हणजे वीज होती! मग वॉचमन मामांची वही मागितली. सहा आठवड्यांत लिफ्ट नऊदा अडकली होती, त्यांतल्या सात वेळा तिसऱ्या मजल्याच्या आसपास. मामा म्हणाले, "तिसऱ्याचं दार बाहेरून ढकललं की चालू होतीय, मॅडम."

दार नीट बंद असल्याची खूण लिफ्टला त्याच्या कुलपातल्या कॉन्टॅक्टवरून मिळते. तो झिजला की जराशा हादऱ्यानंही सुटतो आणि लिफ्ट वाटेतच थांबते. वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर नेणारी बॅटरीची सोय आमच्या लिफ्टला आहे, पण दार उघडं असल्याचा संकेत मिळत असेल तर तीही लिफ्ट हलवत नाही, आणि ते बरोबरच आहे.

त्या रात्री तिसरा ईमेल लिहिला. राग बाजूला ठेवला, कारण रागाला "बघतो" म्हणता येतं. विषय दिला: "तिसऱ्या मजल्याच्या दाराचं कुलूप: 6 आठवड्यांत 7 वेळा लिफ्ट अडकली." खाली प्रत्येक वेळची तारीख, वेळ, मजला, दिवा चालू की बंद, किती मिनिटं, एवढंच लिहिलं. उरलेल्या दोन वेळा वीज खरोखर गेली होती, तेही लिहिलं. मागण्या तीन होत्या: दाराचं कुलूप तपासावं, मेकॅनिकनं बिघाडाचं कारण लेखी द्यावं, घंटी सुरू करावी. वहीच्या पानाचा फोटो जोडला आणि प्रत मालकांना पाठवली.

गुरुवारी मेकॅनिक आला. आजवर तो मेन स्विच बंद-चालू करून निघून जायचा. यावेळी त्यानं तिसऱ्या मजल्याच्या कुलपाचं झाकण काढलं. पितळी पट्टी एका कडेला काळी पडून वाकली होती. नवी बसवून त्यानं कारण कागदावर लिहून दिलं.

तेव्हापासून लिफ्ट तिथं थांबलेली नाही. घंटी मात्र अजून बंदच आहे. चौथा ईमेल काल गेला.