तासांची नोंद होते, कामाची कोण ठेवणार?

मी टोरोंटोजवळच्या एका बांधकामावर इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिस आहे. आयटीआयमध्ये याच ट्रेडला शिकणाऱ्या गावाकडच्या मुली मला फोनवर विचारतात, "ताई, तिकडे बाईला साइटवर घेतात का?" घेतात, खरी अडचण त्यापुढे सुरू होते, आणि तिची आखणी पहिल्या दिवसापासून करावी लागते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात बांधकाम इलेक्ट्रिशियनचे शिक्षण ९,००० तासांचे असते. त्यांतले ८४० तास वर्गात, तीन भागांत होतात आणि उरलेले ८,१६० प्रत्यक्ष साइटवर. हे सारे १,८०० तासांच्या पाच टप्प्यांत विभागलेले असते आणि टप्पा ओलांडला की पगाराची पायरीही चढते. त्यानंतर परीक्षा देऊन पूर्ण इलेक्ट्रिशियन, म्हणजे इथल्या भाषेत 'जर्नीपर्सन', होता येते. या पद्धतीत एक फट आहे. पगार तासांवर वाढतो, पण त्या तासांत तुम्ही काय केले हे पगारपत्रकावर कुठेच दिसत नाही.

माझ्या पहिल्या नोकरीत पहिला टप्पा जवळजवळ संपेपर्यंत माझ्याकडे सामान वर नेणे, केबलला लेबल लावणे आणि दिवसअखेर झाडलोट एवढीच कामे होती. माझ्याबरोबर लागलेला मुलगा तोवर ज्यातून तारा नेतात तो पाइप वाकवू लागला होता. कोणी दुष्टाव्याने केले असे मी म्हणणार नाही. फोरमनला घाई होती, माझे लेबलिंग नीटनेटके होते आणि त्या मुलाने आधी एकदा पाइप वाकवलेला असल्यामुळे पुन्हा त्यालाच बोलावले जाई. मात्र तिसऱ्या टप्प्याचा पगार घेणाऱ्या माणसाकडून तिसऱ्या टप्प्याचे काम अपेक्षित असते. ते येत नसेल, तर साइट संपत आल्यावर घरी पाठवण्याच्या यादीत त्याचे नाव वर येते.

पाइप वाकवण्याचेच उदाहरण घ्या. भिंतीवरून येणाऱ्या पाइपला मध्ये ४ इंच पुढे आलेली तुळई ओलांडायची असेल, तर ३० अंशांचे दोन उलटसुलट वाक द्यावे लागतात. या कोनाला दोन खुणांमधले अंतर दुप्पट, म्हणजे ८ इंच धरायचे. शिवाय तिरक्या चढात पाइपची सुमारे १ इंच लांबी खर्च होते. ती धरली नाही, तर वाक तुळईच्या अलीकडेच पडतो आणि तो पाइप भंगारात जातो. गणित पाच मिनिटांत समजते, पण बेंडरवर पाय कसा दाबायचा आणि दुसरा वाक पहिल्याच्या रेषेत कसा ठेवायचा, हे पंधरा-वीस पाइप वाया घालवल्याशिवाय हाताला येत नाही. तेवढे पाइप वाया घालवण्याची मुभा कोणाला मिळते, यावरच पुढची सगळी वाटचाल ठरते.

प्रत्येक अप्रेंटिसला कौशल्यांची यादी असलेले लॉगबुक मिळते आणि शिकवणाऱ्याने एकेका कौशल्यापुढे सही करायची असते. बहुतेकांच्या सह्या शेवटच्या वर्षी घाईघाईने गोळा होतात. दुसऱ्या टप्प्यापासून मी वेगळी वही ठेवली आणि रोज कोणते काम किती तास केले ते लिहू लागले. सहा आठवड्यांनी ती वही आणि लॉगबुक शेजारी ठेवून मी नव्या फोरमनला दाखवले आणि पॅनेल जोडणीचा रकाना कोरा असल्याचे सांगितले. "मला संधी मिळत नाही" या वाक्याने आधी काही हलले नव्हते. कोऱ्या रकान्यामुळे पुढच्या सोमवारी मी एका अनुभवी इलेक्ट्रिशियनबरोबर पॅनेलवर होते.

साइटवरच्या सोयी आता बऱ्याच सुधारल्या आहेत. २०२३ मध्ये या प्रांताने मोठ्या बांधकामांवर स्त्रियांसाठी वेगळे स्वच्छतागृह बंधनकारक केले. उंचीवर काम करताना अंगात घालायचा सुरक्षापट्टा मात्र घालून पाहिल्याशिवाय घेऊ नका. मागची कडी दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये बसली पाहिजे. ती कमरेकडे घसरत असेल, तर तो पट्टा तुमच्या मापाचा नाही.

बाळंतपणाचा विचारही तासांतच करावा लागतो. रोजगार विम्यातून मातृत्वभत्ता मिळण्यासाठी आधीच्या ५२ आठवड्यांत विम्याखालचे ६०० तास भरलेले असावे लागतात, म्हणजे पूर्णवेळ कामाचे साधारण १५ आठवडे. बांधकामात दोन साइटच्या मध्ये महिनोन्‌महिने खंड पडू शकतो. म्हणून माझ्या एका मैत्रिणीने दिवस राहण्याआधीच आपले तास मोजले, वर्गाचा दुसरा भाग अलीकडे ओढून घेतला आणि शिडीवरचे काम सोडल्यावर आराखडे वाचून सामानाची मोजणी करण्याचे काम मागून घेतले, कारण लॉगबुकात आराखडे वाचण्याचाही रकाना आहे. परतल्यावर तिचे आधीचे तास जसेच्या तसे होते आणि त्या रकान्यापुढे सही झालेली होती.