घडणीचा फोटो आणि पायऱ्यांचा चकवा

“मॅडम, घडणीचा फोटो पाठवलाय. कागद कापून घडी न घालता समोरासमोरची पृष्ठं कशी ओळखायची? आणि रंगवलेल्या घनाचं उत्तर माझं दरवेळी थोडक्यात का हुकतं?”

प्रश्न दोन वाटतात, पण गफलत बहुतेक वेळा एकाच जागी झालेली असते. शिष्यवृत्तीचं मूल असो की पोलीस भरतीची तयारी करणारं पोरगं, फोटो आला की मी आधी रंगाकडे बघतच नाही. घडण म्हणजे उलगडून सपाट केलेला घन; तिच्यातल्या सहा चौकोनांच्या, समोरासमोर येणाऱ्या, तीन जोड्या लावते. त्या बरोबर लागल्या तर रंगाचं गणित दोन ओळींत संपतं. त्या चुकल्या तर पाठ केलेलं एकही सूत्र वाचवत नाही.

फोटो तिरका आलाय, उलटा आलाय, त्यावर हाताची सावली पडलीय, याने काही बिघडत नाही. जोड्या लावायला लांबी-रुंदी लागत नाही. कोणता चौकोन कोणाला कडेने चिकटलाय एवढंच लागतं. म्हणून चौकटीच्या वहीत आधी कच्ची आकृती काढते आणि तिच्यात चार चौकोनांचा गठ्ठा, म्हणजे दोनावर दोन, कुठे झालाय का ते बघते. झाला असेल तर मी फोटो चुकीचा वाचलाय, किंवा कुणीतरी पुस्तकात पेन्सिलीने मारलेली रेघ मला छापील वाटलीय. घनाच्या कोपऱ्यावर तीनच पृष्ठं भेटतात; एका बिंदूभोवती चार चौकोन आले की तिथे कागद दुमडणारच नाही. घनाच्या घडणी एकूण ११ प्रकारच्या (फिरवून किंवा पालथी घालून सारखी होणारी एकच धरली तर), आणि त्यातल्या एकीतही असा गठ्ठा नाही.

आता जोड्या. “एक सोडून एक समोरासमोर” हे सगळ्यांना पाठ असतं, पण ते कशामुळे खरं आहे हे फार थोडे विचारतात. सरळ रांगेतले तीन चौकोन घ्या. मधला जमीन धरला तर दोन्ही टोकांचे चौकोन वर उचलले जातात आणि एकमेकांसमोरच्या भिंती होतात. नियम या सरळपणावर उभा आहे. रांग मध्येच वळली, तर जमिनीची एक भिंत डावीकडून उठते आणि दुसरी पुढून. या दोन भिंती समोरासमोर नसतात, त्या एका कडेला जोडलेल्या असतात. कागदावर ज्यांचा फक्त कोपऱ्याला कोपरा लागतो, ते चौकोन घनावर नेहमी शेजारी असतात. हे एक वाक्य तेवढं लिहून ठेवा.

पायऱ्यांच्या घडणीत सगळ्यात जास्त पोरं पडतात ती यामुळेच. वरच्या ओळीत क आणि ख. ख च्या खाली ग, त्याच्या उजवीकडे च. च च्या खाली छ, त्याच्या उजवीकडे ज. इथे तीन चौकोन सरळ रेषेत कुठेच नाहीत, म्हणजे “एक सोडून एक” लागूच होत नाही. मग जोडी कशी लावायची? ग ला जमीन माना. ख ही मागची भिंत, च ही उजवी भिंत. क हा ख च्या डाव्या कडेला चिकटलेला, म्हणून ख उभी राहिल्यावर तो डावीकडची भिंत होतो. डावी भिंत क, उजवी भिंत च: ही पहिली जोडी. इंग्रजी झेड अक्षरासारखं वळण दिसलं की त्याची दोन टोकं समोरासमोर येतात, ते असं. एकेक पायरी पुढे सरकलं की ख समोर छ, आणि उरलेले ग-ज.

याच घडणीवर रंगाचा प्रश्न घेऊ. ४ सेंमीचा घन. क, ग आणि छ ही पृष्ठं लाल, बाकीची कोरी. घन कापून १ सेंमीचे ६४ छोटे घन केले. एकाही बाजूला रंग नाही असे किती?

पाठ केलेली सूत्रं, म्हणजे एका कडेवर n छोटे घन असताना तीन बाजू रंगलेले ८, दोन बाजू रंगलेले 12(n−2), एक बाजू रंगलेले 6(n−2)², कोरे (n−2)³, ही फक्त सहाच्या सहा पृष्ठं रंगवलेली असताना चालतात. इथे तीनच रंगवलीत, तेव्हा ती बाजूला ठेवा आणि रंगाची साल काढा. रंगवलेलं पृष्ठ त्या दिशेचा एक थर घेऊन जातं. समोरासमोरची दोन्ही रंगवली असतील तर त्या दिशेने ४ चे २ उरतात, एकच रंगवलं असेल तर ३, एकही नसेल तर ४. तिन्ही दिशांच्या उरलेल्या मापांचा गुणाकार म्हणजे कोऱ्या घनांची संख्या.

‘एक सोडून’वाला क आणि ग समोरासमोर धरतो, छ एकटा. मग २ × ३ × ४ = २४. पर्यायांत हा आकडा ठेवलेला असतोच, कारण प्रश्न काढणाऱ्यालाही हा सापळा ठाऊक असतो. प्रत्यक्षात क, ग, छ तीन वेगवेगळ्या जोड्यांतले आहेत, म्हणजे तिघे एका कोपऱ्यावर भेटतात. प्रत्येक दिशेने एकच थर गेला: ३ × ३ × ३ = २७. तुमचं उत्तर हुकतं ते हे असं, तिनाने.

पडताळा हवा असेल तर रंगलेले मोजा. तिघांच्या सामाईक कोपऱ्यावर तीन बाजू रंगलेला १. तिथून निघणाऱ्या तीन कडांवर, तो कोपरा सोडून, प्रत्येकी ३, म्हणजे दोन बाजू रंगलेले ९. प्रत्येक लाल पृष्ठावर उरलेले ९, म्हणजे एक बाजू रंगलेले २७. १ + ९ + २७ = ३७, आणि ६४ − ३७ = २७. जोडीची चूक त्याआधीच पकडायची असेल तर त्याच चुकीच्या नियमाने पुढे जाऊन बघा: क-ग झाल्यावर ग-छ सुद्धा जोडी होते. एका पृष्ठासमोर दोन पृष्ठं असू शकत नाहीत. (फाशावर ठिपके दिसले की समोरासमोरची बेरीज ७ धरून मोकळं होणारेही खूप. प्रश्नात तसं सांगितलेलं नसेल तर घडणच बघायची.)

फोटोत एक चौकोन कापला गेला असेल तरी जोड्या लागतात. वरच्या घडणीतला ज दिसत नाहीये असं धरा. क-च, ख-छ जुळले, ग एकटा उरला, म्हणजे न दिसणारं पृष्ठ ग च्या समोरचं. पण त्याचा रंग प्रश्नाच्या मजकुरात नसेल तर पुढे जाऊ नका: तोही लाल निघाला तर २७ चे १८ होतात.

सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला फोटो कधीकधी आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटून येतो. जोड्या त्याने बदलत नाहीत, रंगाचे आकडेही नाहीत. मात्र “या घडणीपासून खालीलपैकी कोणता फासा तयार होईल?” असं विचारलं असेल तर उत्तर पार बदलू शकतं, कारण कोपऱ्याभोवती तीन पृष्ठं घड्याळाच्या दिशेने कोणत्या क्रमाने येतात तो क्रमच उलटतो. अक्षरं असली तर उलटी दिसून लगेच कळतं, ठिपक्यांवरून कळणं अवघड. तेव्हा फोटो काढताना पानाचा क्रमांक चौकटीत येऊ द्या.