चारशे ग्रॅमचं पाकीट

समुद्रपूर तालुक्यात आमचं किराणा दुकान आहे. पुण्यातली मार्केटिंगची नोकरी सोडून मी परत आले, तेव्हा बाबांचं ऑनलाइन विक्रीबद्दल एकच म्हणणं होतं, "पोरी, माल जाईन अन् पैसे येतीन का नाही, हे कोन सांगन?" त्यांच्यापुढे जाहिरात, फॉलोअर असं काहीही बोलून उपयोग नव्हता. बोलायचं ते वजनकाट्यावर आणि वहीत.

वहीतच सुरुवात सापडली. गावातून पुणे, मुंबई, संभाजीनगरला गेलेली माणसं सणाला आली की दुकानातून हळकुंडं घेतात, शेजारच्या चक्कीवर दळून नेतात आणि ती संपली की फोन करतात. बाबा अशांना अधूनमधून एसटीच्या पार्सलने हळद पाठवतही होते. म्हणजे गिऱ्हाईक होतं, मागणीही होती. नव्हतं ते पाठवायच्या खर्चाचं गणित. ज्या दिवशी ते गणित काउंटरवर मांडलं, त्याच दिवशी बाबा तयार झाले.

बाबांच्या मनात अर्धा किलोचं पाकीट होतं, कारण दुकानात माल पाव, अर्धा आणि किलोनेच जातो. काट्यावर हळद पाचशे ग्रॅम, पाउच बारा आणि छोटं खोकं टेपसकट पंचावन्न, असं एकूण ५६७ ग्रॅम भरलं. कुरिअरचा दर मात्र अर्ध्या किलोच्या टप्प्याने चढतो. ५०० ग्रॅमच्या वर थोडं जरी गेलं तरी पूर्ण किलोचे पैसे लागतात. आम्हाला राज्यातल्या राज्यात अर्ध्या किलोला ६५ आणि किलोला ९५ रुपये असा दर मिळाला होता. त्या ६७ ग्रॅमसाठी ३० रुपये जात होते. मग पाउचमध्ये चारशे ग्रॅमच भरलं, तर सगळं मिळून ४६७ झालं. दोन पाकिटं जरा मोठ्या खोक्यात घातली तर नऊशेच्या आसपास, म्हणजे किलोच्या आतच. एकट्या पाकिटावर ६५ रुपये पाठवणी बसते, जोडीत ती पाकिटामागे साडेसत्तेचाळीसवर येते. म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला आधी जोडीचाच भाव सांगतो.

"अन् खोकं कायले इकत घ्याचं? साबनाचे पडले हायेत ना एवढे," बाबा म्हणाले. टेपने त्यातलं एक मोजलं: लांबी ३०, रुंदी २०, उंची १५ सेंटिमीटर. कुरिअरवाले खरं वजन आणि आकाराचं वजन यातलं जे जास्त असेल ते धरतात. आकाराचं वजन काढायला तिन्ही मापांचा गुणाकार करून बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतात. साबणाच्या खोक्याचं उत्तर १.८ किलो आलं. आत चारशे ग्रॅम हळद असली तरी बिल दोन किलोचं. १८ बाय १२ बाय ८ च्या छोट्या खोक्याचं आकाराचं वजन साडेतीनशे ग्रॅमच्याही आत राहतं, त्यामुळे तिथे खरं वजनच चालतं. फुकटचं खोकं बारा रुपयांच्या खोक्यापेक्षा कितीतरी महाग पडत होतं, हे बाबांनी स्वतः गुणाकार करून पाहिलं.

पैशांची भीती राहिली होती, आणि ती खरीच होती. माल हातात पडल्यावर पैसे, ही पद्धत दुकानदाराच्या भाषेत उधारीच आहे. दळाई आणि घट धरून चारशे ग्रॅम हळद आम्हाला ९६ रुपयांना पडते. त्यात पाउच आणि लेबलचे ९, खोक्याचे १२. पाकिटाची किंमत १६० आणि कुरिअर वेगळं. हातात राहतात ४३. घेणाऱ्याने दारातून पाकीट परत पाठवलं तर जायचे ६५, यायचे ६५ आणि फाटलेलं खोकं १२, असे १४२ रुपये बुडतात. तीन पाकिटांचा नफा जाऊनही ते भरून निघत नाहीत. बाबांनी लगेच ठरवलं, की अनोळखी माणसाला उधारी नाही, आधी यूपीआय. वहीतल्या ओळखीच्या माणसाला मात्र ते आपल्या जबाबदारीवर पाठवतील. माझ्या मते यापेक्षा चांगला नियम नाही, कारण कोण पैसे बुडवतो हे वहीला कुठल्याही ॲपपेक्षा चांगलं माहीत असतं.

मालाच्या बाबतीत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. चक्कीतून हळद गरम निघते. ती तशीच पाउचमध्ये भरली तर आत वाफ धरते आणि आठवडाभरात गुठळ्या होतात. आम्ही स्टीलच्या परातीत पातळ पसरून, वर कोरडं सुती कापड टाकून रात्रभर निवू देतो. हात घातल्यावर कोमट लागली तरी थांबायचं. दुसरी गोष्ट सीलची. हळदीची बारीक पूड पाउचच्या तोंडाला आतून चिकटून राहते आणि तिथे सील नीट धरत नाही. वरून रेघ सरळ दिसते, पण कुरिअरच्या गाडीत दाब पडला की कोपऱ्यातून पिवळं गळायला लागतं. म्हणून लांब नळीच्या नरसाळ्याने भरायचं, तोंड आतून कोरड्या फडक्याने पुसायचं आणि मगच सील मारायचं. प्रत्येक घाण्यातलं एखादं पाकीट पाण्याच्या बादलीत बुडवून दाबायचं. बुडबुडे आले की त्या घाण्याची सगळी सीलं पुन्हा तपासायची. पाउचही पारदर्शक नको, कारण उजेडाने हळदीचा रंग उतरतो.

लेबलवरून बाबा नाराज झाले. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि आम्ही हळकुंडं तिथल्याच शेतकऱ्यांकडून घेतो. पण ते नाव पाकिटावर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती होईपर्यंत नुसतं 'हळद पूड'. अन्न परवान्याचंही तसंच. आमच्या नोंदणीत फक्त किरकोळ विक्री होती. दळून आपल्या नावाचं पाकीट करायचं, तर ते काम नोंदणीत जोडून घ्यावं लागलं. या नोंदणीचा चौदा आकडी नंबर, पॅकिंगची तारीख, बॅच, सर्व करांसह किंमत आणि ग्रॅममागे ४० पैसे हा दर, हे सगळं पाकिटावर हवंच.

विक्रीसाठी व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग पुरतो. त्यात दोनच वस्तू आहेत, एक पाकीट आणि जोडी. पत्ता पिनकोडसकट लिहून आला की आधी पिनकोडवर कुरिअर जातं का ते पाहायचं, मगच क्यूआर पाठवायचा. उलटं केलं तर पैसे परत करत बसावं लागतं. आमच्या गावातून कुरिअरवाले माल उचलत नाहीत, त्यामुळे खोकी साठवून मंगळवार-शुक्रवारी हिंगणघाटला नेऊन द्यावी लागतात.

हैदराबादला दिलेल्या गावच्या लेकींचे फोन येतात, त्यांना मात्र सध्या नाही म्हणावं लागतं. परराज्यात माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते आणि उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायच्या कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला परराज्यात विकता येत नाही. नियमित नोंदणी म्हणजे जास्तीचा हिशेब, आणि तोही दुकानाच्या सगळ्या मालाचा. तेवढा खर्च हैदराबादच्या मागणीतून निघतो का, हे बाबा वहीत वेगळं पान करून मांडत आहेत. कोणी फोन केला, किती मागितली आणि जोडी घ्यायला तयार होती का, असं सगळं त्या पानावर येतं.