प्लेट कपॅसिटरचा काटा: चार्ज अडवला तर किती ओढ, व्होल्टेज धरलं तर किती

रचना आता स्थिर झाली आहे. २० सेंमी व्यासाच्या दोन ॲल्युमिनियमच्या चकत्या. खालची अर्थ केलेली आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या डिजिटल काट्यावर ठेवलेली. वरची ॲक्रिलिकच्या स्टँडवर, स्क्रूने वर-खाली होणारी. वरच्या चकतीला २००० व्होल्ट दिले की खालची वर ओढली जाते आणि काट्यावरचं वजन तेवढं कमी दिसतं.

अंतर x = ५ मिमी असताना कपॅसिटन्स सुमारे ५६ पिकोफॅरड आणि साठलेली ऊर्जा १११ मायक्रोज्यूल. ओढ हिशोबाने २.२७ ग्रॅम यायला हवी, काटा २.३ दाखवतो. आता चकती ६ मिमीवर नेली तर काय होईल, ही खरी गंमत.

चार्ज अडवलेला असेल तर ऊर्जा Q²x/(2ε₀A). अंतरासोबत ती वाढते, ती वाढ हाताने केलेल्या कामातून येते, म्हणून F = −dU/dx. सूत्रात x उरतच नाही: ओढ तीच राहते.

व्होल्टेज धरलेलं असेल तर ऊर्जा ε₀AV²/(2x), म्हणजे अंतर वाढलं की ती घटते. इथेही उणे चिन्ह लावलं तर प्लेटी एकमेकींना ढकलतात असं उत्तर येतं, कारण पुरवठ्याचा हिशोब राहून गेलेला असतो. ५ वरून ६ मिमीवर जाताना हाताचं काम १८.५ मायक्रोज्यूल, साठ्यातली घट १८.५, आणि दोन्ही मिळून ३७ मायक्रोज्यूल पुरवठ्यात परत जातात. म्हणून इथे F = +dU/dx. ५ मिमीवर दोन्ही सूत्रं एकच बल देतात. फरक पडतो तो चकती हलवल्यावर. ६ मिमीवर ओढ १.५८ ग्रॅम.

पुरवठ्याने चार्ज परत घ्यायला हवा, हे विसरू नका. डायोडच्या मल्टिप्लायरमध्ये तो उलटा जाऊ शकत नाही, म्हणून आउटपुटला १० नॅनोफॅरडचा उच्च व्होल्टेजचा कपॅसिटर जोडला आहे. काम झालं की तो रेझिस्टरमधून रिकामा करून मगच हात लावायचा.

चार्ज अडवणं त्याहून नाजूक. मीटरभर कोॲक्सियल केबल चकतीला तशीच ठेवून पुरवठ्याच्या टोकाला तोडलं, तेव्हा ६ मिमीवर १.८ ग्रॅम आले, ना इकडचे ना तिकडचे. केबलचे साधारण १०० पिकोफॅरड समांतर असतात, म्हणजे चार्ज अडतो तो केबल आणि चकत्या मिळून. त्या हिशोबाने १.७८ येतात. चकतीपाशीच इन्सुलेटेड काठीने तार सोडवली तेव्हा २.२ दिसले, मग गळतीमुळे आकडा हळूहळू उतरला. व्होल्टेज पाहायला मल्टिमीटर लावण्यात अर्थ नाही. हाय-व्होल्टेज प्रोब न घेता तो लावला तर २००० व्होल्ट त्याला झेपतीलच असं नाही, आणि १० मेगाओहमच्या इनपुटमधून एवढा चार्ज काही मिलिसेकंदांतच संपतो.

पुढे कडांवरचं फ्रिंजिंग कमी करायचं आहे. केल्व्हिनच्या इलेक्ट्रोमीटरसारखी गार्ड रिंग खालच्या चकतीभोवती, तिला न टेकता, त्याच पातळीत बसवणार आहे. तीही अर्थ केलेली असेल.